नाव झाले दुप्पट, बटण तेवढेच : अक्षरे दाबू नका, ओळ मोडा

औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव करण्यास 24 फेब्रुवारी 2023 रोजी केंद्राची मंजुरी मिळाली. पुढे 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. आदेश निघाले, पाट्या बदलल्या. मोबाइलच्या पडद्यावरचे एक छोटे काम मात्र अनेक ठिकाणी अर्धवट राहिले. गावाच्या नावाचे जे चित्ररूप बटण आपण बोटाने दाबतो, त्यावर नवे नाव कसे बसवायचे, हा तो प्रश्न आहे.

अकोला किंवा अमरावतीहून मराठवाड्याकडे जाणारा प्रवासी गाडी शोधतो, तेव्हा तो नाव वाचून बटण दाबतो. त्या बटणावर अक्षरे चिरडलेली असतील, कडेला चिकटली असतील किंवा ‘छत्रपती संभा...’ एवढेच दिसत असेल, तर नाव बदलूनही न बदलल्यासारखेच. म्हणून हे काम नीट कसे होते, ते आज एका उदाहरणाने समजून घेऊ.

आधी मोजा, मग टाइप करा

‘औरंगाबाद’मध्ये पाच अक्षरे आहेत. ‘छत्रपती संभाजीनगर’मध्ये दहा, शिवाय मधली मोकळी जागा. म्हणजे मजकूर जवळजवळ दुप्पट झाला.

समजा, बटण 104 पिक्सेल रुंद आणि 56 पिक्सेल उंच आहे. डावीकडे-उजवीकडे 12-12 आणि वर-खाली 8-8 पिक्सेलचा समास सोडलेला आहे. मजकुरासाठी उरली 80 बाय 40 पिक्सेलची चौकट. खरी जागा एवढीच, 104 नव्हे. बहुतेक चुका इथेच होतात. नाव लांबले की करणारा समासात शिरतो आणि अक्षरे कडेपर्यंत नेतो. मग रांगेतल्या बाकीच्या बटणांशेजारी ते एकच बटण फुगल्यासारखे दिसते.

16 पिक्सेलच्या साध्या देवनागरी फॉन्टमध्ये ‘औरंगाबाद’ अंदाजे 58 पिक्सेल रुंद होते, म्हणजे 80 मध्ये सुखाने बसते. ‘छत्रपती संभाजीनगर’ त्याच आकारात अंदाजे 112 पिक्सेल होते. ते चौकटीतच काय, आख्ख्या बटणातही मावत नाही. फॉन्टनुसार हे आकडे थोडे बदलतील. म्हणून आपल्या फॉन्टमध्ये नाव एकदा टाइप करून त्याची रुंदी बघावी आणि मगच पुढे जावे.

तीन वाटा, त्यातली एक बंद

पहिली वाट म्हणजे अक्षरे आडवी दाबणे. 112 पिक्सेलचे नाव 80 मध्ये कोंबायचे तर रुंदी 71 टक्क्यांवर आणावी लागते. देवनागरीत हे फार महागात पडते. उभा काना बारीक होतो, शिरोरेषेची जाडी मात्र तीच राहते. ‘भ’ आणि ‘म’, ‘त्र’ आणि ‘त’ यांतला फरक लहान पडद्यावर पुसट होतो. अक्षरांमधले अंतर कमी करणे हाही त्याच वाटेचा चुलतभाऊ. त्याने अक्षरे एकमेकांवर चढतात आणि अंतर वाढवले तर शिरोरेषा तुटते. ही वाट बंदच समजावी.

दुसरी वाट म्हणजे अक्षरांचा आकार कमी करणे. एका ओळीत बसवायचे तर आपल्या बटणात 16 वरून 11.4 पिक्सेलवर यावे लागेल. हातात धरलेल्या फोनवर, बाहेर उन्हात, चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना ते वाचणे अवघड आहे. अनुस्वाराचा ठिपका तर एक-दीड पिक्सेलचा उरतो. ‘संभाजीनगर’मधला ‘सं’ ‘स’सारखा दिसू लागला की समजावे, आकार मर्यादेखाली गेला.

तिसरी वाट ओळ मोडण्याची. या नावात मोडायची जागा नावानेच दिली आहे : वर ‘छत्रपती’, खाली ‘संभाजीनगर’. अक्षरे 14 पिक्सेलची आणि ओळीची उंची 20 पिक्सेलची ठेवली, तर दोन ओळी बरोबर 40 पिक्सेल घेतात. लांब ओळ ‘संभाजीनगर’ची. ती 14 पिक्सेलमध्ये अंदाजे 57 पिक्सेल होते. चौकट 80 ची आहे, म्हणजे वावही राहिला. बटण तेवढेच, समास तेवढाच आणि नाव पूर्ण.

ओळीची उंची मात्र 20 पेक्षा खाली ओढू नये. दुसऱ्या ओळीत ‘सं’चा अनुस्वार आणि ‘जी’ची वेलांटी शिरोरेषेच्या वर जातात. वरच्या ओळीत उकार असता, तर तो खाली लोंबला असता आणि दोन्ही भिडले असते. ‘छत्रपती’त उकार नाही, हे इथे आपले नशीब. प्रत्येक नावाला ते लाभत नाही.

जुने पुसताना

बटण चित्र असेल तर आधी त्यावरचे जुने नाव काढावे लागते. थरांची मूळ फाइल हाताशी असेल तर प्रश्न नाही. मजकुराचा थर बदला आणि पुन्हा निर्यात करा. मूळ फाइल नसेल आणि बटणाचा रंग एकसारखा असेल, तर त्याच रंगाने मधला भाग भरता येतो. रंग वरून खाली गडद होत जाणारा असेल, तर अक्षरांच्या बाजूची स्वच्छ उभी पट्टी निवडावी आणि ती आडवी ताणून जुन्या अक्षरांवर पसरावी. वरून खाली जाणारा रंगबदल तसाच राहतो. गोल कोपरे आणि कडेची रेघ यांना मात्र हात लावायचा नाही, कारण बटणाचा आकार त्यांच्यावरच उभा असतो.

अमरावती-अकोल्यात डीटीपी करणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. फोटोशॉपमध्ये भारतीय लिपीची मांडणी चालू नसेल, तर ‘अहिल्यानगर’मधली ‘हि’ची वेलांटी ‘ह’च्या मागे पडते आणि ‘ल्या’ तुटून हलन्त ‘ल्’ वेगळा दिसतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत पसंतींमधल्या Type विभागात World-Ready Layout निवडले की नव्याने टाइप केलेली अक्षरे नीट जुळतात. हे न करता जोडाक्षर हाताने जुळवत बसण्यात अर्थ नाही.

फाइल पाठवताना फोनच्या पडद्याचा विचार करावा. 104 बाय 56 चे बटण तिप्पट घनतेच्या पडद्यासाठी 312 बाय 168 चे बनवावे आणि पीएनजीत जतन करावे. जेपीजीत अक्षरांभोवती धुळीसारखे डाग येतात आणि लहान अक्षरांत ते लगेच उठून दिसतात.

शेजारी बिघडता कामा नये

‘धाराशिव’ हे ‘उस्मानाबाद’पेक्षा लहान आहे. जागा उरली म्हणून ते मोठे करण्याचा मोह होतो. तो टाळावा. ‘अहिल्यानगर’ ‘अहमदनगर’पेक्षा जरासेच लांब आहे, तेव्हा ते एका ओळीत बसते. एका बटणात 14 पिक्सेलची अक्षरे आली, तर त्या रांगेतल्या सगळ्याच बटणांत 14 पिक्सेल ठेवावीत. एकट्या संभाजीनगरची अक्षरे बारीक आणि अकोल्याची ठसठशीत, असे झाले तर वाचणाऱ्याला एक गाव कमी महत्त्वाचे वाटते.

आकड्यांचा हिशेब वेगळा. डिसेंबर 2010 मध्ये रेल्वेने गाड्यांचे क्रमांक चार अंकांवरून पाच अंकांवर नेले. अमरावती-मुंबई एक्सप्रेसचा 2112 हा क्रमांक 12112 झाला. एक अंक वाढला म्हणजे लांबी सव्वापट झाली. नाव मोडता येते, क्रमांक मोडता येत नाही. त्याचे लघुरूपही नसते. त्यामुळे तिथे आकार कमी करणे हाच मार्ग उरतो. मूळ क्रमांक समासाला भिडेपर्यंत मोठा बसवला असेल, तर 16 ऐवजी 12.8 पिक्सेल करावे लागतात. पहिल्यांदाच थोडा वाव ठेवला असता, तर हे टळले असते.

जिथे दोन ओळीही पुरत नाहीत

आपल्याच विद्यापीठाचे उदाहरण घ्या. अमरावती विद्यापीठ 1983 मध्ये स्थापन झाले आणि 2005 मध्ये त्याचे नाव संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ झाले. वर ‘संत गाडगे बाबा’ आणि खाली ‘अमरावती विद्यापीठ’ असे मोडले, तरी खालची ओळ 14 पिक्सेलमध्ये 95 च्या आसपास जाते आणि आपली चौकट 80 ची आहे. तीन ओळी उंचीत बसत नाहीत. इथे कारागिरी संपते आणि निर्णय सुरू होतो : लघुरूप कोणते?

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला ‘पंदेकृवि’ हे लघुरूप रूढ आहे, म्हणून बटण करणाऱ्याची सुटका होते. संभाजीनगरसाठी ‘छ. संभाजीनगर’ असे लिहिले जाते. आपल्या बटणात ते 14 पिक्सेलमध्ये एका ओळीतही बसते. पण उंची दोन ओळींची असताना पूर्ण नाव सोडून ते वापरायचे कारण नाही. जिथे पट्टी एकाच ओळीची आहे, तिथेच त्याला जागा द्यावी.

आमचे म्हणणे एवढेच की लघुरूप ठरवण्याचे ओझे बटण करणाऱ्या मुलावर टाकू नये. तो जागेच्या अडचणीतून ‘छत्रपती’ गाळेल, दुसरा ‘छ.’ करेल, तिसरा तीन टिंबे टाकेल. मग एकाच गावाची तीन नावे तीन पडद्यांवर फिरतील आणि शोधणारा गोंधळेल. नाव बदलण्याचा आदेश काढणाऱ्यांनी पूर्ण नावासोबत मराठीतले एक मान्य लघुरूपही त्याच कागदावर द्यावे. दोन शब्दांची ती ओळ आहे. पण त्यानंतर कुणालाही अक्षरे दाबावी लागणार नाहीत.

शेवटची तपासणी

बटण तयार झाले की ते संगणकावर मोठे करून नव्हे, फोनवर खऱ्या आकारात आणि हातभर अंतरावरून बघा. डावी-उजवी मोकळी जागा सारखी आहे का? वेलांटीचे टोक वरच्या कडेपासून आणि अक्षरांचा पाय खालच्या कडेपासून सारखाच दूर दिसतो का? उकार नसलेले नाव थोडे वर सरकल्यासारखे वाटते. तसे वाटले तर एक-दोन पिक्सेल खाली घ्या.

एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, तीही बघा. चित्राच्या मागे त्याचे वर्णन लिहिलेले असते आणि दृष्टिहीन वाचकाचा फोन तेच वाचून दाखवतो. चित्र बदलले, पण वर्णन तसेच राहिले, तर त्या वाचकाला अजून औरंगाबादच ऐकू येईल. तिथे असे असायला हवे :

```
alt="छत्रपती संभाजीनगर"
```

इथे जागेची अडचण नाही. इथे नाव नेहमी पूर्णच लिहायचे.