घर रिकामे करण्याचे पत्र : कारण आणि करार



व्यापारी कुटुंबांत गुंतवणूक म्हणून घेतलेला एखादा फ्लॅट भाड्याने दिलेला असतो. मुलाचे लग्न ठरते किंवा वडिलांना जिने चढवेनासे होतात, आणि तो फ्लॅट आपल्यालाच लागतो. मग भाडेकरूला पत्र लिहिण्याची वेळ येते. ‘कुटुंबासाठी जागा हवी आहे’ या कारणाचे कायद्यातील वजन त्या जागेच्या करारावर अवलंबून असते, हे अनेकांच्या ध्यानात नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, विश्रांतवाडीतील एका सोसायटीत आपला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. १ जुलै २०२५ ते ३१ मे २०२६ असा अकरा महिन्यांचा नोंदणीकृत ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार आहे. दरमहा शुल्क वीस हजार रुपये व अनामत साठ हजार रुपये. जूनमध्ये मुलाचा संसार तेथे थाटायचा आहे.

असा करार असताना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम २४ लागू होते. मुदत संपताच राहणाऱ्याने ताबा परत द्यावयाचा असतो. न दिल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. तेथे मुख्य प्रश्न एकच असतो : मुदत संपली आहे काय? मुलाचे लग्न सिद्ध करावे लागत नाही. म्हणून अशा पत्रात कारण हे सौजन्यापुरते असते. बळ असते ते कराराच्या तारखेला. मुदतीनंतर बेकायदा राहिल्यास शुल्काच्या दुपटीने नुकसानभरपाई मागता येते. आपल्या उदाहरणात ती महिन्याला चाळीस हजार होते, म्हणजे दोन महिन्यांत ऐंशी हजार. साठ हजारांची अनामत त्यास पुरत नाही. हे समोरच्याने वेळीच जाणले तर वाद बहुधा उद्भवत नाही.

पत्र मार्चच्या मध्यास द्यावे, म्हणजे त्या कुटुंबाला मुलांच्या परीक्षा सांभाळून दुसरे घर शोधता येते. मजकूर असा असावा :

“आपल्याशी केलेल्या कराराची मुदत ३१ मे २०२६ रोजी संपत आहे. माझ्या मुलाच्या निवासासाठी सदर सदनिका आवश्यक असल्याने करार पुढे वाढविता येणार नाही. कृपया त्या दिवशी सदनिका रिकामी करून किल्ल्या माझ्या हाती द्याव्यात. वीजबिल व अन्य देणी वजा जाता अनामत रक्कम त्याच वेळी बँकेमार्फत परत करीन. आपण घराची उत्तम काळजी घेतलीत, याबद्दल आभारी आहे.”

हे पत्र पोचपावतीसह टपालाने पाठवावे, किंवा हाती देऊन प्रतीवर सही घ्यावी. मुदतीपूर्वीच घर हवे असेल, तर करारातील पूर्वसूचनेचे व किमान मुदतीचे कलम प्रथम वाचावे. ते तसे करू देत नसेल, तर विनंतीच करावी लागते. आणि मुदत संपल्यावर नवा करार न करता ‘असू द्या दोन महिने’ म्हणून शुल्क घेत राहू नये. बहुतेक तंटे याच ढिलाईतून जन्मतात. ताबा मिळावा म्हणून पाणी वा वीज तोडणे तर कायद्यानेच मना आहे.

पेठांमधील जुन्या भाडेकरूंची गोष्ट मात्र निराळी. तेथे कलम १६ नुसार मालकाची गरज प्रामाणिक व वाजवी असल्याचे न्यायालयात सिद्ध करावे लागते. शिवाय न्यायाधीश तुलना करतात : घर न मिळाल्याने मालकाचे हाल अधिक, की गेल्याने भाडेकरूचे? मालकाकडे दुसरी सोयीची जागा असेल, किंवा भाडेकरूला अन्यत्र घर मिळण्याजोगे असेल, तर पारडे त्याप्रमाणे झुकते. कधी जागेच्या काही भागापुरताच हुकूम होतो.

हुकूम झाल्यावरही गोष्ट संपत नाही. कलम १७ सांगते की ताबा मिळाल्यापासून एका महिन्यात मालक तेथे राहावयास गेला नाही, किंवा एका वर्षाच्या आत जागा दुसऱ्यास भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू तेरा महिन्यांत अर्ज करून पुन्हा ताबा मागू शकतो. मुलाचे नाव पुढे करून जास्त भाड्याचा माणूस आणणाऱ्यासाठीच ही तरतूद आहे.

विश्रांतवाडीच्या फ्लॅटला ही तरतूद लागू नाही, तरी तेथेही खोटे कारण लिहू नये. खरे कारण नसेल, तर ‘मुदत संपत असून करार वाढविणार नाही’ एवढेच एक वाक्य पुरेसे असते. शेजारी राहणाऱ्यांना जूनमध्ये त्या दारावर कोणाची पाटी लागली, हे दिसतेच.