मोबाइलमधील खतावणी

व्यापारी घराण्यांना कीर्द आणि खतावणी हे शब्द नवे नाहीत. दिवसभराचे व्यवहार क्रमाने कीर्दीत उतरवावयाचे आणि मग त्यांतील प्रत्येक रक्कम योग्य त्या खात्यावर न्यावयाची, ही जुनी रीत. आज पैसे देण्याचे अ‍ॅप महिन्याच्या अखेरीस किराणा, औषधे, वीजबिल असे खर्चाचे गट करून दाखविते, तीही एक खतावणीच होय. फरक एवढाच की, मुनीमजींना रक्कम कशासाठी गेली हे ठाऊक असे. अ‍ॅपला मात्र ती कोणाला गेली एवढेच कळते.

दुकानदार व्यापारी म्हणून नोंदणी करतो तेव्हा त्याच्या व्यवसायाला चार अंकी संकेतांक मिळतो. किराणा दुकानाचा 5411, औषध दुकानाचा 5912. क्यूआर कोडमध्ये तो `mc=5411` असा दडलेला असतो. अ‍ॅपची वर्गवारी प्रामुख्याने या अंकावर आणि दुकानाच्या नावावर उभी असते. बिलातील वस्तू त्याला दिसत नाहीत. म्हणून औषध दुकानातून घेतलेला साबणही औषधांतच जमा होतो.

खरी अडचण लहान दुकानांची आहे. औशासारख्या गावात अनेक व्यवहार दुकानदाराच्या वैयक्तिक खात्यावर होतात. तेथे व्यवसायाचा संकेतांक नसतो. अ‍ॅपच्या लेखी ते एका व्यक्तीने दुसरीला पाठविलेले पैसे ठरतात.

एका कुटुंबाचा महिना कल्पून पाहू. अ‍ॅप एकूण खर्च 32,000 रुपये दाखविते : किराणा 3,000, औषधे 2,000, वीजबिल 2,000 आणि ‘व्यक्तींना पाठविलेले’ 25,000. हा शेवटचा गट उघडला की निराळेच चित्र दिसते. त्यांतील 10,000 स्वतःच्याच दुसऱ्या बँकेतील खात्यावर वळविलेले. तो खर्च नव्हेच. 7,000 लातूरला शिकणाऱ्या मुलीला, 2,000 दूधवाल्याला आणि 6,000 गल्लीतील किराणा दुकानदाराच्या वैयक्तिक क्रमांकावर गेलेले. म्हणजे अ‍ॅपमधून झालेला खरा खर्च 22,000, आणि किराणा 3,000 नव्हे, तर 9,000. ‘किराण्यात काटकसर झाली’ असे समाधान या घराने मानले असते, तर ते तिप्पट चुकीचे ठरले असते. रोखीने दिलेली रक्कम तर यात आलेलीच नाही.

यासाठी वाचकांनी सारांशातील मोठा आकडा वाचण्याआधी व्यक्तींचा गट उघडावा. तेथे एकच नाव दर आठवड्याला दिसत असेल, तर ते बहुधा दुकान असते. काही अ‍ॅपमध्ये व्यवहाराचा गट बदलण्याची सोय असते. तेथे तो बदलावा. सोय नसेल, तर पैसे देतानाच शेऱ्याच्या जागी ‘किराणा’ किंवा ‘दूध’ असा एक शब्द लिहावा. महिन्याअखेरीस बेरीज आपणच करावी लागेल. परंतु रक्कम कशासाठी गेली, हे त्या शेऱ्यावरून निश्चित सांगता येईल.