गोंदण विचारलं, टॅटू राहून गेला

तारनाक्याहून उस्मानिया विद्यापीठाच्या आवाराकडे वळलं की कानावर एका वेळी तीन-चार भाषा पडतात. तेलुगू, उर्दू, हिंदी आणि नांदेड-लातूरकडची किंवा आदिलाबादच्या सीमेवरची मराठी. अशा ठिकाणी कॉलेजात रक्तदान शिबिर ठेवायचं तर पात्रतेची प्रश्नावली इंग्रजीत एकटी पुरत नाही, ती या भाषांमध्ये करून घ्यावी लागते. हे काम बहुधा भाषेच्या विद्यार्थ्यांकडे जातं आणि तिथे एक समज पक्का झालेला असतो: मूळ वाक्यात जे आहे तेच नेमकं आपल्या भाषेत उतरलं की भाषांतर बिनचूक झालं. हा समज या कामापुरता तरी चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. कथेचं भाषांतर मूळ कथेशी ताडून बघता येतं. रक्तदात्याला विचारलेल्या प्रश्नाचं भाषांतर ताडायचं ते त्यावर येणाऱ्या उत्तराशी. ज्याला थांबवायला हवं तो ‘हो’ म्हणाला का आणि ज्याला थांबवायचं कारण नाही तो ‘नाही’ म्हणाला का, एवढीच त्याची कसोटी.

टॅटूचंच घ्या. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शिकेनुसार टॅटू काढल्यावर किंवा अंगाला कुठेही टोचून घेतल्यावर 12 महिने रक्त देता येत नाही. सुई नीट निर्जंतुक केलेली नसेल तर तिच्यातून कावीळ ब आणि क यांचे विषाणू जाऊ शकतात, हे त्यामागचं कारण. आता ‘टॅटू’ला मराठीत गोंदण हा अस्सल शब्द आहे, तेलुगूत ‘पच्चबोट्टु’ आहे, म्हणजे शब्दशः हिरवा ठिपका. भाषांतरकार हे शब्द आनंदाने घालतो. पण मनगटावर इंग्रजी अक्षरं कोरून घेतलेल्या विद्यार्थ्याच्या मनात गोंदण म्हणजे आजीच्या कपाळावरची हिरवी तुळस. आपण स्टुडिओत जाऊन जे केलं ते गोंदण, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. तो खोटं बोलत नाही, तरीही ‘नाही’वर खूण करतो. याउलट उटनूरकडून आलेल्या गोंड मुलीच्या हातापायांवर लहानपणीचं गोंदण असतं. ‘अंगावर गोंदण आहे का?’ असं विचारलं की ती खरं ते सांगते, ‘आहे’. त्या गोंदणाला दहा-बारा वर्षं होऊन गेली आहेत, रक्ताला त्याची काही बाधा नाही, पण घाईतला स्वयंसेवक तिला परत पाठवतो. एकाच शब्दाने नको ते रक्त आत घेतलं आणि हवं ते बाहेर ठेवलं.

इथे कुणी म्हणेल, चुका पकडायला उलट भाषांतराची पद्धत आहेच. मराठी मजकूर दुसऱ्याने पुन्हा इंग्रजीत करायचा आणि मूळ मजकुराशी जुळतो का पाहायचं. पद्धत चांगली आहे, गाळलेली वाक्यं आणि उलटलेले नकार ती पकडते. पण ‘गोंदण’चं इंग्रजी कुणीही केलं तरी ‘टॅटू’च होणार. कागदोपत्री हा शब्द शंभर टक्के उत्तीर्ण होईल आणि शिबिरात नापास होईल. कारण दोष अर्थात नाही, तो शब्द ऐकून वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं त्यात आहे. ते चित्र बघायला माणूसच लागतो. अमेरिकेत रक्तपेढ्यांची सामाईक प्रश्नावली नव्याने बेतली तेव्हा प्रश्न आधी सामान्य माणसांपुढे ठेवून, त्यांना काय समजलं ते त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं होतं. कॉलेजात हे करायला पैसा लागत नाही. पाच मुलांना प्रश्न वाचायला द्यायचा आणि ‘यात तुला काय विचारलंय?’ एवढंच विचारायचं. मग 1 डिसेंबरच्या शिबिरासाठी प्रश्नाचं रूपही बदलतं: ‘गेल्या वर्षीच्या 1 डिसेंबरनंतर टॅटू काढलाय, गोंदवून घेतलंय, कान-नाक किंवा आणखी कुठे टोचून घेतलंय, भुवया कोरून रंग भरून घेतलाय का?’ मूळ वाक्यापेक्षा हे लांब आहे, आणि लांब असायलाच हवं. तारीख घालण्याचंही कारण आहे. ‘वर्षभरात’ म्हटलं की विद्यार्थ्याचं वर्ष कॉलेज उघडल्यापासून सुरू होतं.

मुळाशी निष्ठा ठेवण्याच्या आग्रहाला याच प्रश्नात आणखी एक खड्डा आहे. हातोहात फिरणाऱ्या जुन्या अर्जांमध्ये टॅटू आणि कान टोचण्याचा प्रश्न ‘गेल्या सहा महिन्यांत’ असा आहे. तो अर्ज समोर ठेवून केलेलं चोख भाषांतर म्हणजे कालबाह्य नियमाची चोख नक्कल. म्हणून भाषांतर सुरू करण्याआधी रक्तपेढीच्या डॉक्टरांसोबत बसून प्रत्येक प्रश्नामागचा आजचा नियम लिहून घ्यावा आणि भाषांतर त्या नियमाचं करावं. कुणी म्हणेल, अमेरिकेने ही मुदत 2020 मध्ये बारा महिन्यांवरून तीनवर आणली, आपले बारा महिने जास्तच आहेत. असतीलही. पण तो वाद परिषदेशी घालायचा. भाषांतरकाराने शब्द सैल ठेवून तो परस्पर मिटवायचा नसतो.

प्रवासाच्या प्रश्नात घोळ वेगळा आहे. ‘आपण परदेश प्रवास केला आहे का?’ असं वाक्य सर्रास दिसतं, आणि पासपोर्टच नसलेला विद्यार्थी न थबकता ‘नाही’ लिहितो. आपल्या मार्गदर्शिकेतला मुद्दा मात्र देशाच्या सीमेपाशी थांबत नाही. झिकाचा उद्रेक झालेल्या भागातून आलेल्याने चार महिने रक्त देऊ नये, असं ती सांगते. महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण 2021 च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला आणि 2024 च्या उन्हाळ्याअखेरीस खुद्द पुणे शहरात रुग्ण आढळू लागले, त्यांत गर्भवती बायकाही होत्या. त्या जुलैत पुण्याच्या घरी चार दिवस राहून तारनाक्याच्या वसतिगृहात परतलेल्या मुलाला ‘परदेश प्रवास’ विचारून काय हाती लागणार? ‘प्रवास’ म्हटलं तरी भागत नाही, कारण घरी जाण्याला आपण प्रवास म्हणतच नाही, गावी जाऊन आलो म्हणतो. शिवाय झिका झालेल्या बहुतेकांना काही लक्षणंच नसतात, तेव्हा तापाबद्दल विचारूनही तो हाती लागत नाही. त्यामुळे हा प्रश्न कायमचा छापून ठेवता येत नाही. ‘गेल्या चार महिन्यांत पुढीलपैकी कुठे राहून आलात का?’ असं छापून खाली जागा मोकळी सोडावी आणि तिथे त्या मोसमातली गावांची नावं डॉक्टरांनी शिबिराच्या आधी भरावीत. ‘प्रादुर्भावग्रस्त क्षेत्र’ हा शब्द व्याकरणाने निर्दोष आहे, पण ते क्षेत्र कोणतं हे रांगेतल्या मुलाला ठाऊक असण्याचं कारण नाही.

सर्वांत मोठी गफलत औषधांच्या प्रश्नात होते. ‘आपण कोणत्याही आजारासाठी औषधोपचार घेत आहात का?’ या वाक्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाशी माझं भांडण आहे. तोंडावरच्या मुरमांसाठी त्वचारोगाचे डॉक्टर आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या देतात आणि त्या घेणारी मुलं कॉलेजच्या वयातलीच असतात. मुरुम हा त्यांच्या लेखी आजार नाही. ‘औषध’ म्हटलं की पुष्कळांना बाटलीतलं औषध आठवतं, गोळी ती गोळी. शेतकरी घरात तर औषध म्हणजे पिकावर फवारायचं. आणि गोळ्यांचा कोर्स गेल्या आठवड्यात संपला असेल तर ‘घेत आहात का’ला ‘नाही’ हेच खरं उत्तर. नियम मात्र शेवटच्या गोळीनंतर एक महिना थांबा असं सांगतो. केस गळू नयेत म्हणून घेतात त्या फिनास्टेराइडलाही तेवढाच काळ. कारण ही द्रव्यं रक्तातून गर्भवती स्त्रीच्या शरीरात गेली तर गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका आहे, आणि पिशवी कुणाला चढणार हे देताना कुणालाच माहीत नसतं. ॲस्पिरिनचं वेगळंच. ती गेल्या तीन दिवसांत घेतली असेल तर दात्याला परत पाठवायचं नाही. रक्त घ्यायचं, लाल पेशी आणि प्लाझ्माही वापरायचा, पण त्या पिशवीतून प्लेटलेट काढायच्या नाहीत, कारण ॲस्पिरिनने त्यांची चिकटण्याची ताकद गेलेली असते. ‘डोकेदुखीची, अंगदुखीची, पाळीत पोट दुखतं म्हणून गोळी घेतली का? कोणती?’ असं विचारलं तरच हे कळतं. यातलं ‘कोणती’ गाळायचं नाही, कारण पॅरासिटामॉलने प्लेटलेटना काही होत नाही.

हे एका उदाहरणात पाहू. शिबिर 1 डिसेंबरला आहे असं धरा. वीस वर्षांचा मुलगा, वजन 58 किलो, हिमोग्लोबिन 14. ऑगस्टमध्ये गावी त्याला मलेरिया झाला आणि महिनाअखेरीस तो ठणठणीत बरा झाला. मुरमांची शेवटची गोळी 10 नोव्हेंबरला घेतली. काल मैदानावर पाय मुरगळला म्हणून आयबुप्रोफेन घेतली. शब्दाला शब्द ठेवलेल्या अर्जात ‘हिवताप’ वाचून तो बुचकळ्यात पडेल, शेजारच्याला विचारून ‘हो’ करील आणि बहुधा त्यासाठीच परत जाईल. खरं तर मलेरियानंतरचे तीन महिने पूर्ण झाले आहेत, तो अडसर उरलेलाच नाही. आणि मलेरियाचं ‘हो’ नसतं तर तो थेट खाटेवर गेला असता, मुरमांच्या गोळीसकट. बोलत्या भाषेतल्या अर्जात मलेरिया ओलांडला जातो, आयबुप्रोफेनमुळे ॲस्पिरिनप्रमाणेच फक्त प्लेटलेटबद्दल नोंद होते आणि मुरमांच्या गोळीसाठी त्याला 10 डिसेंबरपर्यंत थांबवलं जातं.

‘रक्त तपासतातच ना?’ हा आक्षेप सगळीकडे ऐकू येतो. तपासतात, पण कायद्याने सक्तीच्या तपासण्या पाचच: एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोगातला सिफिलिस आणि मलेरिया. मुरमांच्या गोळीची, झिकाची, ॲस्पिरिनची तपासणी त्यांत नाही. कावीळ क नुकतीच झालेली असेल तर नेहमीच्या प्रतिपिंडांच्या तपासणीत ती दिसायला आठ-दहा आठवडेही जातात. त्या मधल्या काळात ती पकडण्याचं काम प्रश्नालाच करावं लागतं. ‘मुलांना इंग्रजी येतं’ हा दुसरा आक्षेप. येतं, परीक्षेपुरतं. पण न कळलेला प्रश्न रांगेत मित्राला विचारला की उत्तरही मित्रासमोर द्यावं लागतं, आणि याच अर्जात पुढे लैंगिक संबंधांचे प्रश्न आहेत. डॉक्टर पुन्हा विचारतातच, असंही म्हणतात. पण गर्दीच्या शिबिरात डॉक्टर बोट ठेवतात ते ‘हो’वर. सगळीकडे ‘नाही’ असलेला अर्ज पुढे सरकतो.

राहिला भाषेच्या प्रतिष्ठेचा मुद्दा, आणि तो उस्मानियाच्या भूमीवर तर हलक्याने घेण्यासारखा नाही. विद्यापीठ उर्दू माध्यमात चालावं म्हणून 1917 मध्ये इथे दारुल तर्जुमा उभा राहिला, तिथे विज्ञानापासून वैद्यकापर्यंत शेकडो शब्द घडवले गेले. ते काम थोर होतं आणि मराठी परिभाषा कोशांचंही आहे. पण पाठ्यपुस्तकातला नवा शब्द शिकायला विद्यार्थ्याला अख्खं वर्ष मिळतं, शिक्षक मिळतो. अर्जातला शब्द त्याला आधीच यावा लागतो. म्हणून विषमज्वर नको, टायफॉइड हवा, क्षयरोगाशेजारी टीबी हवा, आणि कावीळ मात्र जशीच्या तशी हवी, कारण तो शब्द सर्वांच्या तोंडी आहे. गोंदणही ठेवावं, टॅटूच्या शेजारी. त्या गोंड मुलीला तोच शब्द कळतो. तिला विचारायचं ते इतकंच, की हे कधीचं आहे. आणि मुरमांची गोळी घेतलेल्या मुलाच्या हातात नुसता नकार न देता एक चिठ्ठी द्यावी, तिच्यावर ठळक अक्षरांत तारीख: 10 डिसेंबर, त्यानंतर या.