आधी घडलं ते लिहा, मग नाव द्या

शाळेत एका मुलाने दुसऱ्याला छळलं की दोन प्रकारचे कागद तयार होतात. शाळा लिहिते, ‘दोन विद्यार्थ्यांत किरकोळ वाद झाला, समज देण्यात आली.’ आपले कार्यकर्ते लिहितात, ‘जातीयवादी विद्यार्थ्याचा भ्याड हल्ला.’ नेमकं काय घडलं, हे दोन्हींतून कळत नाही. आमचं म्हणणं असं की तटस्थ भाषा म्हणजे सौम्य भाषा नव्हे. कोणी, कुठे, केव्हा, काय केलं आणि काय बोललं, एवढंच लिहिणं म्हणजे तटस्थ भाषा.

समजा सातवीतल्या दोन मुलांचं प्रकरण आहे. नोंद अशी हवी: ‘मधल्या सुट्टीत नळावर पहिला मुलगा पाणी पीत होता. दुसऱ्याने त्याचं दप्तर ओढलं. पहिला पडला, डावा कोपर खरचटला. दुसरा म्हणाला, “तुमच्या लोकांनी इथं तोंड लावायचं नाही.”’ ते वाक्य जसंच्या तसं अवतरणात हवं. ‘जातिवाचक बोलला’ एवढंच लिहिलं तर पुरावा पातळ होतो. अपमान जाणूनबुजून केला का, लोकांसमोर केला का, हे अॅट्रॉसिटी कायद्यात शब्दांवर आणि जागेवर ठरतं. बोलणारा 18 वर्षांखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, म्हणून त्याला आपल्या कागदात ‘गुन्हेगार’ म्हणायचं नाही.

जबाब मात्र वेगवेगळे घ्यायचे. मुख्याध्यापकांच्या खोलीत दोघांना समोरासमोर उभं केलं की एक ‘सॉरी’ म्हणतो, दुसरा मान हलवतो आणि प्रकरण मिटतं. त्याऐवजी एकेकाला, दुसऱ्याला ऐकू जाणार नाही अशा जागी, विश्वासातल्या मोठ्या माणसासोबत बसवावं. ‘सुरुवातीपासून काय झालं ते सांग’ एवढंच विचारावं. ‘तो जातीवरून बोलला ना?’ हा प्रश्न उत्तर आपणच मुलाच्या तोंडी घालतो. मुलाचे शब्द तसेच लिहावेत, वाचून दाखवावेत, तारीख-वेळ टाकावी. दोन जबाब शब्दाला शब्द सारखे आले तर कोणीतरी पढवलंय असं समजावं.

आता दुसरा मुलगा एकटा असताना म्हणाला, ‘त्याने आधी माझ्यावर पाणी उडवलं. मी दप्तर ओढलं. तसं बोललो, आमच्या घरी तसंच म्हणतात.’ पहिल्याच्या जबाबात पाणी उडवल्याचा उल्लेख नाही. हा फरक आपण मिटवायचा नाही, दोन्ही तसंच ठेवायचं आणि नळावर असलेल्या तिसऱ्या मुलीला वेगळं विचारायचं.

जबाबात लैंगिक स्पर्शाची गोष्ट आली तर पुढचे प्रश्न थांबवून लगेच पोलिसांना कळवावं, कारण पोक्सो कायद्याने ते बंधनकारक आहे. आणि कोणत्याही मुलाचं नाव किंवा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये, आपल्या मुलाचाही नाही.

‘आमच्या घरी तसंच म्हणतात.’ हे वाक्य समोरासमोरच्या माफीत कधीच कागदावर आलं नसतं. जातीचा धडा त्या मुलाला कोणत्या घरात मिळाला, याचा पत्ता त्यात आहे. आपली लढाई तिथं न्यायची असेल तर बारा वर्षांच्या पोराला खलनायक करून भागणार नाही.