आधी झोन, मग स्टेज

कमी दिवसांच्या बाळाचे डोळे तपासले जातात आणि कागदावर एवढंच लिहून येतं, ‘आरओपी, स्टेज 3’. बालाघाटहून बाळाला गोंदिया-नागपूरकडे तातडीने न्यायचं की आठवड्याने पुन्हा तपासायचं, हे त्याच कागदावरून ठरवायचं असतं. स्टेज कळली म्हणजे सगळं कळलं, झोन मोजणं पुस्तकी काम, असं म्हणणारे बरेच आहेत. मला हे साफ अमान्य आहे.

त्यांची बाजू खरी आहे ती इतपतच, की स्टेज पटकन डोळ्यात भरते. रेटिनाच्या रक्तवाहिन्या जिथे वाढायच्या थांबल्या, तिथे पांढरी सपाट रेघ दिसली तर स्टेज 1. ती रेघ जाड होऊन उचलली गेली, बांध झाला, की 2. बांधावरून नव्या वाहिन्या डोळ्याच्या पोकळीकडे वाढू लागल्या की 3. चार आणि पाचमध्ये पडदा सुटतो. पण बांध कुठे आहे, हे यातून कळत नाही, आणि उपचार त्यावरच अडतात.

समजा, फोटोत ऑप्टिक डिस्कच्या मध्यापासून फोव्हिआपर्यंत 110 पिक्सेल अंतर आहे. त्याच्या दुप्पट, म्हणजे 220 पिक्सेल त्रिज्येचं वर्तुळ डिस्कभोवती काढा. त्याच्या आत झोन 1. एका बाळाचा स्टेज 3 चा बांध 260 पिक्सेलवर आहे, तो झोन 2. दुसऱ्याचाही बांध तिथेच, पण कानाकडच्या बाजूला तो एका जागी खाच पडल्यासारखा 205 पर्यंत आत आलाय. एवढ्याने तो डोळा झोन 1 मध्ये गेला, खाचेमुळे गेला अशी नोंद करून. दोघांच्याही वाहिन्या फुगलेल्या वा नागमोडी नाहीत, म्हणजे प्लस नाही. 2003 च्या ईटीआरओपी चाचणीनंतरच्या निकषांनुसार पहिल्या बाळावर आठवड्याच्या आत पुन्हा नजर टाकायची. दुसऱ्याचा उपचार 48 ते 72 तासांत. स्टेज दोघांची तीच!

यावर आक्षेप असा, की इतक्या लहान बाळात फोव्हिआ धड दिसतच नाही, मग मोजणार काय? आक्षेप रास्त आहे. पण मोजमाप अंदाजाचं आहे म्हणून ते सोडून देणं हे उत्तर नव्हे. 25 किंवा 28 डायॉप्टरच्या भिंगातून डिस्कची नाकाकडची कड दृष्टिक्षेत्राच्या एका काठावर ठेवली, की समोरचा काठ साधारण झोन 1 ची हद्द दाखवतो. शिवाय 2021 च्या वर्गीकरणात झोन 1 लगतच्या, दोन डिस्क रुंदीच्या पट्ट्याला ‘पोस्टिरिअर झोन 2’ असं वेगळं नाव दिलंय, कारण हद्दीजवळचा आजार जास्त धोक्याचा. शंका असेल तर तसं लिहावं आणि बाळाला लवकर बोलवावं.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक. मधला एकच फोटो स्वच्छ आला म्हणून ‘झोन 3, काळजी नाही’ असं लिहून टाकतात. नाकाकडच्या वाहिन्या रेटिनाच्या टोकाच्या कडेपर्यंत, ओरा सेराटापर्यंत, पोचलेल्या दिसल्याशिवाय झोन 3 म्हणताच येत नाही. म्हणून प्रत्येक डोळ्याचे मध्य, नाक, कान, वर, खाली असे पाच फोटो हवेत. नाकाकडची कड फोटोत येत नसेल, तर भिंग लावून प्रत्यक्ष पाहावं लागतं, आणि तोवर तो डोळा झोन 2 च धरायचा.