एक बुडाला, तीन भरा

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आमच्या गल्लीतला एक पोरगा मोबाईल घेऊन ओट्यावर येऊन बसला. परभणीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज सेलूहून सकाळच्या गाडीनं जातो, दिवेलागणीला परत येतो. कॉलेजनं वर्गाच्या ग्रुपवर सूचना टाकली होती : प्रत्येक विषयात ७५ टक्के हजेरी हवी, नसेल त्याचा परीक्षेचा अर्ज पुढे जाणार नाही. सोबत कमी हजेरीवाल्यांची यादी होती आणि ज्यानं त्यानं आपली हजेरी ॲपवर पाहून घ्यावी, असंही होतं. त्यानं पाहिली होती आणि स्क्रीनशॉट काढून आणले होते.

"सर, माझी तर अठ्ठ्याहत्तर हाय. मग माझं नाव यादीत कामून आलं?"

पहिल्या चित्रात खरंच हिरव्या अक्षरांत ७८ होतं. मी उभं आयुष्य गणित शिकवलं आणि हजेरीपट भरले, त्यामुळं नुसता टक्का दाखवला की माझं समाधान होत नाही. टक्का म्हणजे कापसाचा भाव. वजन किती ते कळल्याशिवाय हातात पैसे किती पडणार हे सेलूच्या बाजारात कुणी सांगेल का? तसंच इथं. तास किती झाले आणि त्यातले किती बसला, हे दोन आकडे पाहिजेत. विषयवार पाहिजेत.

ते दुसऱ्या चित्रात होते. भौतिकशास्त्राचे ३१ तास झाले, हा २७ बसला. गणिताचे ३३ झाले, २९ बसला. रसायनशास्त्राचे ३२ झाले, बसला फक्त १९. एकूण ९६ पैकी ७५, म्हणजे ७८ टक्के, हिशोब बरोबर. पण भौतिक आणि गणित दोन्ही ८७च्या घरात, आणि रसायन ६० सुद्धा नाही. नियम विषयवार असेल तर एकूण आकडा काही कामाचा नाही. तो दोन चांगल्या विषयांच्या आड एक वाईट विषय लपवतो.

रसायनच का, हेही वेळापत्रकानं सांगितलं. आठवड्यातले चारही तास सकाळी पहिले. गाडीला वीस मिनिटं उशीर झाला की पहिला तास गेलाच. पोरगा कॉलेज बुडवत नव्हता, रोज जात होता. फक्त गाडी उशिरा आली की तोच विषय बुडत होता.

आता किती तास बसावं लागेल, हा प्रश्न. त्यानं आधीच उत्तर काढून आणलं होतं. "बत्तीसचे पंचाहत्तर टक्के चोवीस. माझे एकोणीस. पाच कमी हायत. दोन आठवड्यांत काढतो की."

ही चूक पोरं करतात आणि पालकही करतात. पाच तास तू बसशील तेव्हा एकूण तास बत्तीसच राहतील का? तेही ३७ होतील. ३७ पैकी २४ म्हणजे ६५ टक्क्यांच्या आतच. तू एक पाऊल पुढं टाकलंस की रेघही थोडी पुढं सरकते.

मग खरा आकडा कसा काढायचा? त्याला बीजगणित लागत नाही, उधारीची वही पुरते. ७५ टक्के म्हणजे चार तासांपैकी तीन हजर, एक गैरहजर. म्हणजे बुडवलेल्या एका तासामागं बसलेले तीन तास असायला हवेत. एक गैरहजेरी म्हणजे तीन हजेऱ्यांची उधारी. याच्या गैरहजेऱ्या १३, म्हणून हव्यात ३९ हजेऱ्या. खात्यावर जमा १९. बाकी राहिली २०. इथून पुढं सलग वीस तास एकही न चुकवता बसला तर ५२ पैकी ३९ होतील, म्हणजे नेमके ७५ टक्के.

पाच नव्हे, वीस. पोराचा चेहरा उतरला.

नियम बदलला की उधारीचा दर बदलतो. बी.फार्मसीला प्रत्येक विषयात, थिअरी आणि प्रात्यक्षिक वेगवेगळं धरून, ८० टक्के लागतात; तिथं एका गैरहजेरीला चार हजेऱ्या. बी.एड.च्या शालेय आंतरवासितेला एनसीटीईच्या २०१४च्या नियमावलीनं ९० टक्के ठेवलेत; तिथं एक दिवस चुकला की नऊ दिवस भरावे लागतात. टक्क्यात पंधराचाच फरक दिसतो, पण फेडीत तीनाचे नऊ होतात.

वीस तास बसायचे म्हटले तरी तेवढे तास शिल्लक आहेत का, हे पुढचं पाहायचं. आम्ही कॅलेंडर काढलं. सत्र संपायला सात आठवडे, आठवड्याला चार तास, म्हणजे २८. त्यातून दसरा, गांधी जयंती आणि चाचणीचे दिवस मिळून चार तास वजा. राहिले २४. म्हणजे सत्राच्या शेवटी रसायनचे एकूण ५६ तास झालेले असतील, त्याचे ७५ टक्के ४२. याचे १९ जमा. अजून २३ हवेत आणि शिल्लक २४. इथून पुढं फक्त एक तास चुकवायची मुभा.

पोरगा म्हणाला, "पण सर, रसायनचे सर मधीच कधी बाहेर कामाला जातात. चार-पाच तास तर होणारच नाहीत." त्याला वाटलं, तेवढंच ओझं कमी. इथं गणित उलटं फिरतं. तास रद्द झाला की ज्याची हजेरी भरपूर आहे त्याचं काही बिघडत नाही. ज्याची कमी आहे त्याची फेडायची संधीच जाते. पाच तास झाले नाहीत असं धरा. शिल्लक १९, एकूण ५१. सगळे १९ बसला तरी ५१ पैकी ३८. हे होतात ७४.५१ टक्के. ॲपवर दशांश नसतील तर तिथं ७५ दिसेल आणि पोरगा निर्धास्त राहील. पण ५१चे ७५ टक्के सव्वाअडतीस होतात. सव्वा तास कुणी बसत नाही, म्हणून ३९ लागतात. कार्यालयानं काटेकोर हिशोब धरला तर ३८वाला बाहेर. म्हणून किती तास हवेत हे काढताना अपूर्णांक आला की नेहमी वरचा आकडा धरायचा, आणि ॲपवर ७५ दिसला तरी भागाकार हातानं करून पाहायचा.

एवढं झाल्यावर मी त्याला म्हटलं, आता मूळ आकडे खरे आहेत का ते तपासू. रसायनच्या तारीखवार नोंदीचे त्यानं तीन स्क्रीनशॉट काढले होते. हजरला P, गैरहजरला A. त्याला म्हटलं, A मोज. त्यानं मोजले, पंधरा भरले. वर सारांशात मात्र ३२ वजा १९ म्हणजे १३. दोनाचा फरक कुठून आला? स्क्रीनशॉट काढताना स्क्रीन थोडीच सरकली होती. दुसऱ्या चित्राच्या तळाच्या पाच तारखा तिसऱ्या चित्राच्या माथ्यावर पुन्हा आल्या होत्या आणि त्यात दोन A होते. ते वजा केले, तेरा जुळले. चित्रांवरून मोजताना तारखा कागदावर उतरवून काढाव्यात, नुसती खुणांवर बोट ठेवून मोजणी करू नये, ती अशी फसते.

मग एकेक A तपासला. बारा तारखांना तो स्वतःच म्हणाला, हो, गाडी उशिरा होती. तेराव्या तारखेला अडला. "ह्या दिवशी तर मी होतो." असं सगळेच म्हणतात, म्हणून मी पुरावा मागितला. त्यानं दप्तरातून तपासलेला पेपर काढला. त्याच दिवशी त्याच तासाला वीस गुणांची चाचणी झाली होती. पेपरवर तारीख, त्याचा क्रमांक, सरांची सही. चाचणी देणारा मुलगा गैरहजर कसा?

दुसऱ्या दिवशी तो पेपर घेऊन सरांना भेटला. त्यांनी कागदी हजेरीपट उघडला. तिथं हा हजर होता. ॲपवर नोंद चढवताना एक ओळ खाली-वर झाली होती आणि शेजारच्या क्रमांकाची गैरहजेरी याच्या नावावर पडली होती. सरांनी लगेच दुरुस्ती केली. वाद झाला नाही, कारण पोरानं "माझी हजेरी कमी लागलीय" असं मोघम म्हटलं नव्हतं. तारीख, तास आणि कागद दाखवला होता.

एका खुणेनं काय बदललं पाहा. तास ३२च, पण हजेऱ्या २० आणि गैरहजेऱ्या १२. बाराची उधारी ३६, जमा २०, बाकी १६. वीसाचे सोळा झाले. एक A पुसला की तीन उधार कमी होतात आणि एक जमा वाढतो, असे चार. सत्राअखेरचा हिशोब ४२ वजा २०, म्हणजे २४ पैकी २२. चुकवायची मुभा एकाची दोन झाली. तास रद्द झाले तर तेवढीच गादी खाली.

वैद्यकीय दाखल्याचं त्याच्या आईनं विचारलं. दाखला आणला म्हणून A चा P बहुतेक ठिकाणी होत नाही. कमी पडलेली हजेरी माफ करावी, एवढ्या विनंतीला तो जोडता येतो आणि माफ करायची की नाही ते वरचे ठरवतात. म्हणून हिशोबात तो धरायचाच नाही. आणि जो मुलगा आजारी नव्हता, गाडीत होता, त्यानं दाखला आणायचा कशाला? त्यापेक्षा आधीची गाडी धर, म्हटलं.

आता तो पहाटे उठून आधीच्या गाडीनं जातो. कॉलेजचं फाटक उघडायच्या आधी पोचतो आणि बाहेरच्या टपरीवर चहा पितो.

ज्यांची पोरं बाहेरगावी शिकतात त्यांना एवढंच सांगणं आहे. पोरानं हजेरीचा टक्का पाठवला तर विषयवार झालेले तास आणि बसलेले तास मागा. नियम ७५ टक्क्यांचा असेल तर बुडालेल्या तासांना तीनानं गुणा, त्यातून बसलेले वजा करा. उरेल ती उधारी. ती सत्रात शिल्लक असलेल्या तासांहून जास्त असेल तर लपवालपवी न करता त्याच आठवड्यात कॉलेजात जाऊन बोला. परीक्षेच्या तोंडावर गेलात तर कुणाच्याच हातात काही उरत नाही.

आमच्या पोराचे त्यानंतर नऊ तास झाले, तो आठ बसला. राहिले पंधरा. त्यातला एकच चुकवता येईल.