नागरिक कोण: भूमीचा की रक्ताचा?

राष्ट्र कोणाचे? एका कायद्याखाली एकत्र राहणाऱ्यांचे, की एका वंशाच्या लोकांचे? संविधानाच्या कलम ५ मध्ये धर्म किंवा वंशाची अट नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार, राजदूतांची मुले वगैरे अपवाद सोडता, १९८६ साली मुंबईत परदेशी आईवडिलांना झालेले मूलही भारतीय ठरत होते. १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा स्थलांतरित असेल, तर मूल जन्माने नागरिक ठरत नाही. म्हणजे भूमी मागे पडली, रक्त पुढे आले.

२०१९ च्या दुरुस्तीत धर्मही आला. सवलतीच्या सहा धर्मांत बौद्ध आहेत. पण यादीने दिलेला हक्क यादी बदलली की जातो. समान नागरिकत्वाला यादीच लागत नाही.